पेन्सार, पोदेर: आघात पाहा, रूप कळेल
स्पॅनिशमध्ये पेन्सार (विचार करणे) आणि पोदेर (शकणे) यांची वर्तमानकाळातली रूपं पाठ करण्याआधी ती मोठ्याने म्हणा. पिएन्सो, पिएन्सास, पिएन्सा, पिएन्सान: जोर धातूवर पडतो, म्हणून ‘ए’चा ‘इए’ होतो. पेन्सामोस, पेन्साइस म्हणताना मात्र जोर प्रत्ययावर सरकतो आणि धातू जसाच्या तसा राहतो. पोदेरचंही तसंच: पुएदो, पुएदे, पण पोदेमोस. म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची (वोसोत्रोस) रूपं बदलत नाहीत. ‘पुएदेमोस’ ही चूक फार जण करतात. जोर ‘दे’वर आहे हे ऐकलंत की ती लगेच खटकेल.

कोणतं क्रियापद बदलतं, हे मात्र आघात सांगत नाही. कोमेर (खाणे) बदलत नाही, कोमोच राहतं. म्हणून नवं क्रियापद वहीत ‘मी’च्या रूपासकट लिहा: पोदेर, पुएदो.