न्यायाधीशाचं वाक्य अन् शिक्षेचा सिद्धांत: जोड्या लावताना या चुका टाळा

ज्युरिसप्रुडन्सच्या पेपरात हा प्रश्न येतोच, वर न्यायाधीशाचं एक वाक्य अन् खाली डिटरंट, रिट्रिब्युटिव्ह, रिफॉर्मेटिव्ह असे ऑप्शन. आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत पोरं तिन्ही व्याख्या घडाघडा म्हणतात, पण वाक्य समोर आलं की अडकतात, कारण वाक्यात शब्द कोणता आहे तेच पाहतात, न्यायाधीश शिक्षेचं कारण काय देऊन राहिला ते कोणी पाहत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे महेश विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९८७. सुप्रीम कोर्टानं फाशी कायम ठेवली अन् म्हटलं की कमी शिक्षा दिली तर सामान्य माणसाचा कोर्टावरचा विश्वास उडेल, अशा केसमध्ये त्याला सुधारणेच्या शब्दजंजाळापेक्षा धाकाची भाषा जास्त कळते. आता मूळ इंग्रजी वाक्यात ‘रिफॉर्मेटिव्ह’ शब्द स्पष्ट आहे, म्हणून पोरगं तिथंच टिक करते अन् मार्क जातो. अरे बाप्पा, तो शब्द कोर्टानं बाजूला सारायला घेतला आहे! उत्तर डिटरंट. वाक्यात दोन सिद्धांतांची नावं दिसली की आधी ‘पेक्षा’, ‘ऐवजी’, ‘नव्हे’ हे शब्द शोधायचे अन् कोर्ट कोणाच्या बाजूनं उभं आहे ते ठरवायचं.

दुसरी चूक म्हणजे शिक्षा कडक दिसली की रिट्रिब्युटिव्ह लिहून मोकळं होणं. इंग्लंडच्या न्यायमूर्ती बर्नेट यांच्या नावावर एक जुनं वाक्य सांगतात, घोडा चोरणाऱ्याला ते म्हणाले की तुला घोडा चोरला म्हणून फाशी नाही, पुढं घोडे चोरीला जाऊ नयेत म्हणून आहे. फाशी आहे, तरी हे शुद्ध डिटरंट, कारण नजर पुढच्या चोरांवर आहे. म्हणजे शिक्षा किती यावरून सिद्धांत ठरत नाही, कशासाठी यावरून ठरतो.

हे आपल्याकडचं प्रकरण घेऊन पाहू, मनानंच रचलेलं. गुरांच्या बाजारातून एकानं बैलजोडी चोरली, विकली, सापडला, गुन्हा शाबीत. न्यायाधीश म्हणाले, ‘पेरणीच्या तोंडावर कास्तकाराची जोडी नेली, त्याचा हंगाम बुडाला, या कृत्याला शोभेल एवढी शिक्षा भोगलीच पाहिजे’. इथं नजर झालेल्या कृत्यावर, मापही त्याच्याच वजनाचं, म्हणून रिट्रिब्युटिव्ह. तेच म्हणाले, ‘बाजारात चोऱ्या वाढल्या, इतरांना जरब बसली पाहिजे’, तर डिटरंट. अन् म्हणाले, ‘पोरगा एकवीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा, तुरुंगात घातला तर सराईत होऊन बाहेर येईल, चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडतो’, तर रिफॉर्मेटिव्ह, परिविक्षा अधिनियम १९५८ याच विचारावर उभा आहे. चोर तोच, जोडी तीच, फक्त कारण बदललं.

जास्त गोंधळ होतो तो ‘समाज’ या शब्दानं. धनंजय चटर्जी केसमध्ये, १९९४ साली, कोर्ट म्हणते की योग्य शिक्षा देणं म्हणजे गुन्हेगारांविरुद्ध समाजाच्या न्यायाच्या हाकेला दिलेलं उत्तर, अन् शिक्षा गुन्ह्याला साजेशी हवी, तिच्यातून लोकांची घृणा दिसली पाहिजे. पोरं म्हणतात समाज आला म्हणजे डिटरंट. काहून भाऊ? समाज घाबरावा म्हणून हे वाक्य नाही, झालेल्या कृत्याबद्दलचा समाजाचा धिक्कार त्यात आहे, म्हणून ते रिट्रिब्युटिव्हकडे झुकते. समाज घाबरणारा आहे की संतापलेला, एवढं पाहिलं की पुरे.

रिफॉर्मेटिव्हची वाक्यं त्यामानानं सोपी, न्या. कृष्ण अय्यर यांची भाषाच ओळखू येते. मोहम्मद गियासुद्दीन केसमध्ये, १९७७ साली, त्यांनी गुन्ह्याला आजारासारखी विकृती म्हटलं अन् राज्यानं सूड घेण्यापेक्षा माणसाचं पुनर्वसन करावं असं लिहिलं. इथंही ‘सूड’ शब्द आहे बघा, पण नाकारायला, म्हणजे महेशवालाच सापळा उलट्या बाजूनं.

ऑप्शनमध्ये प्रिव्हेंटिव्ह असलं तर आणखी एक भानगड. ‘हा बाहेर राहिला तर पुन्हा करेल, म्हणून आत ठेवा’ यात रोखायचं आहे त्याच माणसाला, हातपाय बांधून, ते प्रिव्हेंटिव्ह. ‘याला पाहून दुसरे करणार नाहीत’ ते डिटरंट. अन् खऱ्या निकालातला लांब परिच्छेद दिला असेल तर त्यात दोन-तीन कारणं एकत्र असतातच, अशा वेळी पूर्ण निकाल आठवत बसू नका, प्रश्नात दिलेल्या ओळी ‘म्हणून’, ‘यासाठी’ नंतर काय म्हणतात तेवढंच वाचा, उत्तर त्या ओळींचं मागितलं असते, पूर्ण केसचं नाही.