पाण्याचा फेज डायग्राम: रेषेवरून खाली उतरत वाचायला शिकताना

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला फेज डायग्रामवर तोंडी परीक्षा घेताना एक गोष्ट नेहमी दिसते. ‘घन इथे, द्रव इथे, वायू तिथे’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘टेबलावर सांडलेलं पाणी तीस अंशांना वाळतं कसं? डायग्राम तर म्हणतो की ते द्रव आहे’ असं विचारलं की वर्ग शांत होतो. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर निम्मा डायग्राम हाती आला असं मी मानतो.

आधी अक्ष पाहू. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. पुस्तकातली आकृती बहुतेक वेळा प्रमाणात काढलेली नसते, आणि काढता येतही नाही. बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात त्या ट्रिपल पॉइंटचा दाब ६१२ पास्कलच्याही किंचित खाली, आपल्या भोवतालचा दाब १,०१,३२५ पास्कल आणि पाणी आणि वाफ यांच्यातला फरक जिथे संपतो त्या क्रिटिकल पॉइंटचा दाब सुमारे २.२ कोटी पास्कल. साध्या आलेखावर हे तिन्ही दाखवायचे तर पहिले दोन अक्षालाच चिकटतील. म्हणून उभा अक्ष लॉग प्रमाणात घ्यायचा. सेमी-लॉग कागद मिळतो, त्यावर स्वतः पाच-सहा बिंदू मिलिबारमध्ये, म्हणजे शंभर-शंभर पास्कलच्या मापात, मांडा: ० अंशांना ६.१ मिलिबार, १० ला १२, २० ला २३, २५ ला ३२, ५० ला १२३, १०० ला १०१३. ते जोडले की उत्कलन रेषा तयार झाली. हाताने काढलेली ही रेषा पुस्तकातल्या रंगीत आकृतीपेक्षा जास्त शिकवते, हे मी बॅचमागून बॅच पाहिलं आहे.

आता तो सांडलेल्या पाण्याचा प्रश्न. हा डायग्राम फक्त पाण्याचा आहे. बंद भांड्यात पाणी आणि पाण्याची वाफ, तिसरं कोणी नाही, असं धरून तो काढलेला आहे. हवा त्यात नाहीच. टेबलावरच्या पाण्यावर एक वातावरणाचा दाब आहे खरा, पण तो बहुतांशी नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. वाफेचा स्वतःचा हिस्सा त्यात अगदी थोडा असतो. पाणी वाळणार की नाही, हे ठरवताना हा हिस्सा पाहायचा. तीस अंशांना रेषेवरचा आकडा साधारण ४२ मिलिबार आहे. हवेतल्या वाफेचा दाब २० मिलिबार असेल तर रेषेपर्यंत पोहोचायला अजून वाव आहे, म्हणून पाणी वाफ होत राहतं. कोकणात श्रावणात तोच हिस्सा रेषेच्या अगदी जवळ जातो, आणि दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच राहतात. आपण ज्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतो, तो या दोन आकड्यांचाच भागाकार.

मग उकळणं वेगळं काय? पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा तयार झाला तर त्याला बाहेरच्या एकूण दाबाविरुद्ध टिकावं लागतं, आणि त्याच्या आत असते फक्त वाफ. त्या वाफेचा दाब बाहेरच्या एकूण दाबाइतका झाला की बुडबुडा जगतो, एरवी चिरडला जातो. इथे मात्र हवेचा दाब मोजायचा. म्हणून एकच रेषा दोन तऱ्हांनी वाचता येते. तापमानावरून उभं वर गेलात तर त्या तापमानाचा बाष्पदाब मिळतो. दाबावरून आडवं गेलात तर त्या दाबाचा उत्कलनबिंदू. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब सुमारे ८६० मिलिबार. तिथून आडवं जाऊन रेषेला भिडलात की खाली ९५.५ अंश दिसतात. तिथला चहा पाच अंश थंड पाण्यात उकळतो, एवढं एका नजरेत वाचता येतं.

रेषेबद्दल आणखी एक. पुष्कळजण तिला दोन प्रदेशांतली सीमा समजतात, ओलांडली की पलीकडे. पण रेषेवर पाणी आणि वाफ दोन्ही एकत्र असतात, आणि तोवर तापमान व दाब यांपैकी एकच तुमच्या हातात उरतो. दुसरा रेषाच ठरवते. हे कागदावर पटत नाही, म्हणून मी व्हॅक्यूम पंपाचा प्रयोग दाखवतो.

व्हॅक्यूमसाठी बनवलेल्या जाड काचेच्या डेसिकेटरमध्ये थर्माकोलवर एक छोटा बीकर, त्यात २५ अंशांचं २० ग्रॅम पाणी, पाण्यात थर्मोकपल. पंप रोटरी, सोबत दाबमापक. (साध्या कोनिकल फ्लास्कवर हे करू नका, सपाट बुडाची पातळ काच निर्वातात आत फुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच.) पंप सुरू केला की आधी काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात. मुलं लगेच ‘उकळलं!’ म्हणतात. ती विरघळलेली हवा सुटत असते. दाबमापक अजून शेकड्यांत असतो. दाब ३२ मिलिबारच्या आसपास आला की पाणी खऱ्या अर्थाने उसळतं, बीकरच्या काठापर्यंत थेंब उडतात. खोलीच्या तापमानाला उकळतं पाणी, हात लावलात तर गार.

यापुढचं नीट बघा. पंप चालूच आहे, पण दाब धाडकन शून्याकडे जात नाही. पाणी उकळताना अप्रकट उष्मा स्वतःच्याच अंगातून काढतं, त्यामुळे थंड होतं. थंड झाल्याने त्याचा बाष्पदाब उतरतो. पंप तेवढीच वाफ ओढतो आणि दाब त्याच्या मागोमाग येतो. थर्मोकपल २० दाखवतं तेव्हा दाब २३ च्या जवळ, १० दाखवतं तेव्हा १२ च्या. मुलांना दर मिनिटाला दोन्ही आकडे सेमी-लॉग कागदावर मांडायला लावतो. बिंदू आधी काढलेल्या रेषेवरूनच खाली सरकतात, फार तर थोडे खालच्या अंगाला, कारण मापक पंपाच्या बाजूला बसवलेला असतो.

शून्याजवळ मजा येते. बऱ्याचदा पाणी शून्याच्याही तीन-चार अंश खाली द्रवच राहतं, आणि मग एका क्षणात पृष्ठभागावर पांढरी साय धरते व थर्मोकपल उडी मारून पुन्हा शून्यावर येतं. अतिशीत पाणी ही डायग्रामबाहेरची गोष्ट आहे: डायग्राम समतोल दाखवतो, तो गाठायला लागणारा वेळ दाखवत नाही. बर्फ धरल्यावर खालचं पाणी अजून उकळत असतं, आणि वाफ साय फोडून बाहेर येते. बर्फ, पाणी, वाफ तिन्ही एका बीकरमध्ये. दाब ६.१ मिलिबार, तापमान शून्याला लागून. हा ट्रिपल पॉइंट. इथे तुमच्या हातात काहीच उरत नाही. तिन्ही अवस्था आहेत तोवर पंप कितीही ओढो, आकडे हलत नाहीत. तो फक्त पाण्याचं प्रमाण बदलतो.

किती बदलतो, तेही काढता येतं. बाहेरून उष्णता येत नाही असं धरा. २० ग्रॅम पाणी २५ अंशांनी थंड करायला २० × ४.१८ × २५, म्हणजे सुमारे २०९० ज्यूल काढावे लागतात. एक ग्रॅम वाफ होताना या तापमानांना २४७० च्या आसपास ज्यूल जातात. तेव्हा ०.८५ ग्रॅम वाफ झाली की पाणी शून्यावर. उरलं १९.१५. आता शून्यावर एक ग्रॅम वाफ होताना २५०० ज्यूल घेते आणि एक ग्रॅम गोठताना ३३४ देते. समीकरण मांडलं की आणखी सुमारे २.२५ ग्रॅम वाफ होते आणि जवळपास १७ ग्रॅम बर्फ उरतो. प्रत्यक्षात तराजूवर कमी भरतो, कारण उकळताना थेंब उडालेले असतात आणि खोलीची उष्णताही आत झिरपते.

ट्रिपल पॉइंट ०.०१ अंश सेल्सिअसला आहे, शून्याला नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं. बर्फ आणि पाणी यांच्यातली रेषा किंचित डावीकडे कललेली आहे, दाब वाढला की गोठणबिंदू उतरतो. ट्रिपल पॉइंटपासून एक वातावरणापर्यंत चढताना त्यामुळे सुमारे ०.००७५ अंश कमी होतात, आणि उघड्या पाण्यात विरघळलेल्या हवेमुळे आणखी सुमारे ०.००२५. बेरीज ०.०१. म्हणजे शाळेतला ‘शून्य अंश’ हा हवा विरघळलेल्या पाण्याचा आहे, डायग्राममधला बिंदू शुद्ध पाण्याचा. याच कारणाने १९५४ पासून २०१९ पर्यंत केल्विनची व्याख्या ट्रिपल पॉइंटवर बेतलेली होती, नेमका २७३.१६ केल्विन. काचेत सीलबंद केलेल्या शुद्ध पाण्यात तो कुठेही, कोणत्याही हवामानात तसाच मिळतो.

रेषेचं वरचं टोक क्रिटिकल पॉइंट: ३७४ अंश आणि २२.०६ मेगापास्कल. त्यापुढे पाणी आणि वाफ यांच्यात फरकच उरत नाही, म्हणून रेषा संपते. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांत वाफ या दाबाच्या वरच असते. सुरुवातीला एवढं पुरे.

प्रयोग फसतो तेव्हा कारणंही डायग्रामवरच सापडतात. काही प्रयोगशाळांत रोटरी पंपाऐवजी नळाला लावायचा पाण्याचा ॲस्पिरेटर असतो. त्यावर पाणी उकळेल, पण कधीच गोठणार नाही. ॲस्पिरेटरमधून वाहणारं पाणी ३० अंशांचं असेल तर त्याचा स्वतःचा बाष्पदाब ४२ मिलिबार, त्याखाली तो ओढूच शकत नाही. तेव्हा बीकरमधलं २५ अंशांचं पाणी तर उकळणारही नाही. ते ३५ ला तापवून ठेवलं तर ३० पर्यंत येऊन थांबेल. रोटरी पंप असूनही दाब बारा-पंधरा मिलिबारवर अडला तर आधी डेसिकेटरच्या कडेचं ग्रीस बघा: हवेची गळती आहे. गळती नसेल तर पंपाच्या काचेतून तेल बघा. ते दुधाळ दिसलं तर वाफ पाणी होऊन तेलात मिसळून बसली आहे. गॅस बॅलास्ट, म्हणजे पंपात थोडी हवा सोडणारी झडप, उघडून पंप अर्धा तास रिकामा चालवा, तेल निवळलं नाही तर बदला. आणि पुढच्या वेळी पंपाच्या आधी वाफ गोठवून अडवणारा कोरड्या बर्फाचा कोल्ड ट्रॅप लावा.