निधनवार्ता लिहिताना अडणारी मधली दोन वाक्यं

नाव, वय, तारीख आणि नातेवाईक एका कागदावर उतरवून घ्या. 'आज' किंवा 'काल' लिहू नका. मजकूर छापून येईपर्यंत दिवस उलटतो, म्हणून वार आणि तारीखच द्या.

आता हा नेहमीचा मजकूर पाहा:

'यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्या अत्यंत मनमिळाऊ, प्रेमळ व परोपकारी होत्या. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, दोन मुली, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे.'

'दुःखद' लगेच जातं, सुखद निधनाची वार्ता कोणी देत नाही. पोकळीचं वाक्यही जातं. उरतात विशेषणं, आणि खरं अडतं ते इथंच. मीही पूर्वी 'मनमिळाऊ' खोडून 'लाघवी' लिहायचो. त्यानं काही साधत नाही, कारण विशेषण कुठलंही घ्या, ते शेजारच्या चौकटीतल्या माणसालाही तितकंच चालतं.

घरच्यांना 'त्या कशा होत्या?' असं विचारूच नका. उत्तरात पुन्हा 'फार प्रेमळ' हेच येणार. त्यापेक्षा विचारा: कशावरून चिडायच्या? काम सुटल्यावरही काय सोडलं नाही? लोक त्यांच्याकडे काय मागायला यायचे? वरच्या बाई शाळेत ग्रंथपाल होत्या. असं विचारल्यावर मुलीनं सांगितलं की कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, हे आई वही न उघडता सांगायची, आणि निवृत्तीनंतरही शाळेची फाटकी पुस्तकं घरी आणून शिवायची. वाक्यं मिळाली.

इथं मोह आवरायचा. 'यावरून त्यांचे पुस्तकप्रेम दिसून येते' असं पुढं जोडलंत तर मिळवलेलं घालवलंत. वाचणाऱ्याला ते कळतं. मग ही दोन वाक्यं नाव न सांगता घराबाहेरच्या, त्यांना ओळखणाऱ्या एखाद्याला वाचून दाखवा. त्यानं नाव ओळखलं नाही तर पुन्हा विचारपूस करा. फक्त घरच्यांनाच कळणारी गंमत मात्र नको; आजाराचा तपशील आणि जुनी भांडणंही नकोत.

झालेला मजकूर असा:

'शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल … (वय ८१) यांचे सोमवारी, ४ तारखेला निधन झाले. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, हे त्या वही न उघडता सांगत. निवृत्तीनंतरही शाळेची फाटकी पुस्तके त्या घरी आणून शिवून देत. त्यांच्या मागे मुलगा, सून, दोन मुली, जावई आणि नातवंडे आहेत.'

नातेवाइकांची नावं द्यायची तर सगळ्यांची द्या, नाहीतर नुसती नाती लिहा. बातमी म्हणून दिलेला मजकूर उपसंपादक कापू शकतो. पैसे भरून दिलेला बहुधा जसाच्या तसा छापतात, चुकांसकट. त्यामुळे नाव, वार आणि तारीख देण्याआधी कमी रडलेल्या एखाद्या माणसाकडून तपासून घ्या.