दोन राउटर, एकच पत्ता

वरच्या खोलीसाठी दुसरा राउटर घेतला. फायबरवाल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल काढून नव्याच्या वॅन पोर्टमध्ये लावली. वायफायच्या कांड्या पूर्ण, पण वर इंटरनेट नाही.

नव्या राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवर `ipconfig` दिलं, गेटवे म्हणजे त्या राउटरचा पत्ता दिसला `192.168.1.1`. खालच्या राउटरचा पत्ताही तोच! बाहेरची वाट ज्या पत्त्यावर, तो नव्या राउटरला स्वतःचाच वाटत होता. मग डेटा बाहेर जाणार कसा?

वॅनची केबल काढली, नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनचा पत्ता `192.168.2.1` केला, रीस्टार्ट करून केबल परत लावली. लगेच चालू झालं.

डबल नॅट, म्हणजे दोन्ही राउटरांनी एकामागोमाग पत्ते बदलणं, अजून आहेच. ब्राउझिंगला त्याचा त्रास नाही, पण वरचा कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आत वळवणं, दोन्ही राउटरांवर करावं लागलं.