अपघात ओळखणारं हेल्मेट: थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा?

या प्रोजेक्टमध्ये जीएसएम मॉड्यूल जोडणं आणि मेसेज पाठवणं लवकर जमतं. खरा वेळ जातो तो किती g च्या धक्क्याला अपघात मानायचं, हा आकडा ठरवण्यात. पण आकड्याच्या आधी सेन्सरची रेंज बघा. त्वरण मोजणारा MPU6050 चालू होतो तेव्हा ±2 g वर असतो. या रेंजमध्ये तिन्ही अक्ष भरले तरी एकूण त्वरण 3.46 g च्या पुढे जात नाही. म्हणजे 4 g चा थ्रेशोल्ड ठेवलात, तर कितीही जोरात आपटा, अलर्ट येणारच नाही. सेन्सर जागा झाल्यावर रेंज ±16 g करा:

```
Wire.beginTransmission(0x68);
Wire.write(0x1C);
Wire.write(0x18);
Wire.endTransmission();
```

आता 1 g म्हणजे 2048. लूपमधला `delay(100)` काढून टाका, कारण धक्का काही मिलिसेकंदांत संपतो आणि दोन रीडिंगच्या मधून निसटतो.

मग हेल्मेट घालून खराब रस्त्यावर गाडी चालवा आणि √(ax²+ay²+az²) एसडी कार्डवर नोंदवा. आमच्या नोंदींत खड्डे आणि गतिरोधकांची शिखरं साधारण 3 ते 4 g पर्यंत जायची, म्हणून पहिली पायरी आम्ही 6 g ठेवली. तुमचा सेन्सर फोमवर आहे की कवचावर, त्यानुसार हा आकडा बदलेल. तो स्वतः मोजा.

तरीही एक केस उरते: टेबलावरून पडलेलं हेल्मेट. 75 सेंमी उंचीवरून ते सुमारे 0.4 सेकंद मुक्त पडतं, तेव्हा रीडिंग शून्याजवळ येतं आणि फरशीवर आपटताच ते 16 g ला टेकतं. थ्रेशोल्ड वाढवून हे टळत नाही, उलट खरे अपघात सुटतात. मुक्त पतन दिसलं की अलर्ट रद्द करावा असं वाटतं, पण गाडीवरून फेकला गेलेला माणूसही क्षणभर हवेतच असतो. त्यामुळे हेल्मेट डोक्यावर आहे का, हे वेगळं कळायला हवं. हनुवटीच्या पट्ट्याच्या बकलमध्ये स्विच बसवा. पट्टा उघडा असेल तर धक्का मोजूच नका.

पट्टा लावलेला असताना कुणी हेल्मेटवर थाप मारली, तर? इथे धक्क्यानंतरची स्थिती कामी येते. धक्क्याआधीच्या 2 सेकंदांची सरासरी दिशा आणि नंतरची दिशा यांतला कोन 60 अंशांपेक्षा जास्त हवा, आणि पुढच्या मिनिटात कुठेतरी सलग 10 सेकंद एकूण त्वरण 0.85 ते 1.15 g मध्ये राहायला हवं. पहिल्याच 10 सेकंदांचा हट्ट धरू नका, पडलेला माणूस आधी थोडा हलतो. हे जुळलं की 20 सेकंद बझर वाजवा, बटण दाबलं नाही तरच मेसेज जाऊ द्या.

एक मर्यादा राहतेच. पडूनही डोकं सरळ राहिलं, तर कोनाची अट अलर्ट अडवते. म्हणून 16 g ला टेकलेल्या धक्क्यासाठी आम्ही ती अट काढली आणि फक्त स्थिरता व बझर ठेवले.