क्रिटिकल इलनेसचा क्लेम: सर्व्हायव्हल पिरियड पूर्ण झाल्याचं पत्र कसं लिहावं

क्रिटिकल इलनेस पॉलिसीचा क्लेम मेडिक्लेमपेक्षा वेगळा असतो. इथे बिलांची बेरीज होत नाही. पॉलिसीत लिहिलेला आजार झाला आणि निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात राहिला, की ठरलेली रक्कम एकदम मिळते. या ठरावीक दिवसांना सर्व्हायव्हल पिरियड म्हणतात. बऱ्याच पॉलिसींत तो ३० दिवसांचा असतो, काहींत १४ किंवा १५ दिवसांचा. क्लेमच्या पत्रात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो याच्या मोजणीत: दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे आणि ते पूर्ण झाल्याचं दाखवायचं कशाने?

मी विमा सल्लागार आहे. माझ्याकडे पॉलिसी घेतलेल्या एका शाळेतल्या बाईंचा क्लेम इथे तारखांसकट मांडतो, कारण नियम सांगण्यापेक्षा तो पाहिला की मोजणी लवकर कळते. बाईंची पॉलिसी १० लाखांची, २१ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेली. आजार स्तनाचा कर्करोग.

आधी पॉलिसीची दोन कलमं वाचा

पॉलिसीच्या पुस्तिकेत वेटिंग पिरियड आणि सर्व्हायव्हल पिरियड अशी दोन कलमं असतात आणि लोक ती हमखास एकमेकांत मिसळतात. वेटिंग पिरियड पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, बहुधा ९० दिवस. या काळात आजाराचं निदान झालं, किंवा पुष्कळ पॉलिसींत नुसती लक्षणं जरी दिसली, तरी क्लेम मिळत नाही. सर्व्हायव्हल पिरियड सुरू होतो निदानापासून. बायपाससारख्या शस्त्रक्रियेवर क्लेम असेल तर अनेक पॉलिसींत तो शस्त्रक्रियेच्या तारखेपासून धरतात. तुमच्या पॉलिसीत नेमके कोणते शब्द आहेत ते पाहा आणि पत्रात तेच शब्द वापरा.

या दोन कलमांमुळे तुमच्या तारखा दोन बाजूंनी तपासल्या जातात. वेटिंग पिरियडसाठी कंपनी तुमच्या कागदांतली सगळ्यात आधीची तारीख शोधते. सर्व्हायव्हल पिरियडसाठी ती सगळ्यात नंतरची तारीख धरू शकते. म्हणून पत्र असं लिहायचं, की दोन्ही टोकांच्या तारखा घेतल्या तरी क्लेम बसतो हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे दिसावं.

कळवायला थांबू नका, पत्राला थांबा

निदान हातात आलं की कंपनीला ईमेलने किंवा पोर्टलवर लगेच कळवा आणि नोंदणी क्रमांक घ्या. सर्व्हायव्हल पिरियड संपेपर्यंत गप्प बसलात तर कळवण्याची मुदत उलटून जाऊ शकते. उशीर झालाच, तर कारण लेखी द्या. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे. मूळ क्लेमपत्र मात्र दिवस पूर्ण झाल्यावरच पाठवा. आधी पाठवलं तर ‘अट पूर्ण झालेली नाही’ असं उत्तर येतं आणि फाइल उगाच लांबते.

तारखांची यादी करा

सगळे कागद टेबलावर मांडा आणि तारखेच्या क्रमाने लावा. बाईंच्या फाइलमध्ये हे निघालं. २६ जानेवारी २०२५ ला शाळेतलं झेंडावंदन आटोपून घरी आल्यावर त्यांच्या हाताला गाठ लागली. २४ फेब्रुवारीला त्या सर्जनकडे गेल्या, त्याच दिवशी मॅमोग्राफी झाली. २७ फेब्रुवारीला सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. तिच्यात ‘कर्करोगाचा संशय’ एवढंच लिहिलेलं. ५ मार्चला बायोप्सीसाठी तुकडा घेतला, ८ मार्चला अहवाल आला: इन्व्हेजिव्ह डक्ट कार्सिनोमा. १२ मार्चला त्याच तुकड्याच्या पुढच्या तपासणीचा, म्हणजे आयएचसीचा अहवाल. २५ मार्चला पहिली केमो, १५ एप्रिलला दुसरी.

यातली निदानाची तारीख कुठली? विमा नियामकाने ठरवलेल्या व्याख्येत कर्करोगाला हिस्टॉलॉजीचा, म्हणजे पेशीजालाच्या तपासणीचा आधार लागतो. मॅमोग्राफीने किंवा ‘संशय’ लिहिलेल्या एफएनएसीने ते भागत नाही. म्हणून तारीख ८ मार्च, बायोप्सीच्या अहवालाची. तुकडा घेतल्याची ५ मार्च नव्हे. लॅबच्या अहवालावर नमुना मिळाल्याची आणि अहवाल दिल्याची अशा दोन तारखा छापलेल्या असतात. घाईत पहिलीच पत्रात उतरवली जाते, तेवढं जपा.

त्याच अहवालात ‘इन्व्हेजिव्ह’ किंवा ‘इन्फिल्ट्रेटिंग’ हा शब्द आहे का, तेही पाहा. ‘कार्सिनोमा इन सिटू’, म्हणजे आजूबाजूच्या पेशीजालात अजून न शिरलेला कर्करोग, असं लिहिलेलं असेल तर तो आजार या व्याख्येत बसत नाही. सुरुवातीच्या टप्प्याच्या कर्करोगाला वेगळं संरक्षण देणारी पॉलिसी असेल तरच रक्कम मिळते.

दिवस मोजा

निदानाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजा. ९ ते ३१ मार्च हे २३ दिवस, पुढे एप्रिलचे ७. म्हणजे ३० दिवस ७ एप्रिलला पूर्ण. आता उलट बाजूने पाहू. कंपनी म्हणाली, आम्ही आयएचसीचा अहवाल अंतिम निदान धरतो, तर? मग १३ ते ३१ मार्च हे १९ दिवस आणि एप्रिलचे ११, म्हणजे ११ एप्रिल. दोन्ही मोजण्यांना पुरून उरणारा पुरावा ११ एप्रिलनंतरचा हवा. दुसरी केमो १५ एप्रिलची असल्याने वेगळं काही जमवावं लागलं नाही.

आजार बदलला की मोजणीही बदलते. पक्षाघातात मेंदूच्या सीटी किंवा एमआरआयबरोबरच कायमचा दोष किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो. तिथे ३० दिवस झाले म्हणून पत्र पाठवणं घाईचं ठरतं. ३ महिन्यांनंतर न्यूरोलॉजिस्टकडून नव्याने तपासून घ्या आणि तो अहवाल जोडा.

हयात असल्याचा पुरावा कोणता?

‘मी हयात आहे’ असं स्वतः लिहून देण्याला फारसं वजन नाही. शेवटच्या मोजणीनंतरच्या तारखेला डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिल्याचा कागद हवा. डे-केअरचं डिस्चार्ज कार्ड किंवा तारीख, सही-शिक्का असलेला ओपीडीचा केस पेपर चालतो. त्याच्या जोडीला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एका परिच्छेदाचं प्रमाणपत्र घ्या: ‘रुग्णाला मी आज, १५ एप्रिल २०२५ रोजी, प्रत्यक्ष तपासले. निदान ८ मार्च २०२५ च्या बायोप्सी अहवालाने झाले आहे.’ खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. केमिस्टचं बिल किंवा रक्ताचा रिपोर्ट सोबत असला तर चांगलं, पण एकट्यावर विसंबू नका.

सर्व्हायव्हल पिरियड पूर्ण होण्याआधीच रुग्ण दगावला तर सहसा रक्कम मिळत नाही, ही या पॉलिसीची कठोर बाजू आहे. पण दिवस पूर्ण झाल्यावर, क्लेम भरायच्या आधी मृत्यू झाला असेल, तर घरच्यांनी हक्क सोडून देऊ नये. नॉमिनीने हेच पत्र आपल्या नावाने लिहावं. तिथे मृत्यूच्या दाखल्यावरची तारीखच दिवस पूर्ण झाल्याचा पुरावा होते.

पत्र

कंपनीचा क्लेम फॉर्म भरायचाच असतो, पण फॉर्मात तारखांचा हिशेब मांडायला जागा नसते. म्हणून हे पत्र वर लावायचं. क्लेम विभाग राज्याबाहेर असेल तर याच क्रमाने इंग्रजीत लिहा.

> प्रति, क्लेम विभाग
> दिनांक: १७ एप्रिल २०२५
>
> विषय: पॉलिसी क्र. ……, क्लेम नोंदणी क्र. ……. क्रिटिकल इलनेसची विमा रक्कम मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> माझी वरील पॉलिसी २१ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. ९० दिवसांचा वेटिंग पिरियड १९ जानेवारी २०२५ रोजी संपला. मला गाठ प्रथम २६ जानेवारी २०२५ रोजी जाणवली आणि त्यासाठी मी पहिल्यांदा २४ फेब्रुवारी २०२५ रोजी डॉक्टरांकडे गेले (जोडपत्र १).
>
> ८ मार्च २०२५ च्या बायोप्सी अहवालाने इन्व्हेजिव्ह डक्ट कार्सिनोमाचे निदान झाले (जोडपत्र २). आपल्याला १० मार्च २०२५ रोजी ईमेलने कळवले आहे.
>
> निदानापासून ३० दिवसांचा सर्व्हायव्हल पिरियड ७ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण झाला. १२ मार्च २०२५ च्या आयएचसी अहवालापासून (जोडपत्र ३) मोजला तरी तो ११ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण होतो. १५ एप्रिल २०२५ रोजी माझ्यावर केमोथेरपी झाली. त्या दिवसाचे डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत आहे (जोडपत्र ४ व ५).
>
> १० लाख रुपये विमा रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. रद्द केलेला धनादेश व ओळखपत्राची प्रत जोडली आहे.
>
> आपली विश्वासू,

जोडपत्रांचे क्रमांक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा आणि अहवालातल्या निदानाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा. मूळ कागद मेडिक्लेमसाठी लागत असतील तर इथे हॉस्पिटलकडून साक्षांकित केलेल्या प्रती द्या.

पाठवण्याआधी केस पेपर डॉक्टरांच्या नजरेने वाचा

इथे आमच्याकडून एक गोष्ट सुटली होती. २४ फेब्रुवारीच्या केस पेपरवर सर्जननी गाठीपुढे ‘१/१२’ लिहिलं होतं. डॉक्टरांच्या लिहिण्यात १/१२ म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी एक, अर्थात ‘एक महिन्यापासून’. तसंच २/५२ म्हणजे दोन आठवडे आणि ३/७ म्हणजे तीन दिवस. कंपनीत कुणीतरी ती १ डिसेंबर ही तारीख म्हणून वाचली. १ डिसेंबर २०२४ म्हणजे वेटिंग पिरियडच्या आत. मे महिन्यात विचारणा आली, की लक्षणं डिसेंबरपासून होती तर क्लेम का नाकारू नये?

बाई फोनवर रडल्याच. आम्ही त्याच सर्जनकडून लिहून घेतलं, की ‘१/१२’ ही एक महिन्याच्या कालावधीची नोंद आहे, आणि रुग्णाने गाठ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाणवल्याचं सांगितलं होतं. सोबत केस पेपरची तीच प्रत पुन्हा जोडली. मूळ कागदावर कुणालाही एक अक्षर बदलू दिलं नाही. खाडाखोड दिसली की खरा क्लेमही संशयात जातो. खुलासा नेहमी वेगळ्या कागदावर आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांच्याच सहीने घ्यावा. पैसे जूनमध्ये जमा झाले.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिचं उत्तर नाकारणारं आलं, किंवा महिनाभर आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही. तिथेही वरचंच पत्र, त्याच जोडपत्रांसह, पहिलं पान म्हणून लावायचं.