चॉकलेटची चकती पावसाळ्यात तग धरते ती अशी

ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका लहान रेस्टॉरंटमध्ये गोड पदार्थ सांभाळायला लागले, त्या पहिल्याच पावसाळ्यात मी तीस चकत्या वाया घालवल्या. चॉकलेट छान जमलं होतं, काळंभोर आणि चमकदार. सकाळी चकत्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि रात्री आठला ऑर्डर आल्यावर काढल्या. दोन मिनिटांत त्यांना घाम फुटला. पुसलं की डाग पडायचे, नाही पुसलं तर वाळून पांढुरका, खरखरीत थर यायचा. टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानाला निववणं, बरोबर होतं, पण चकत्या ठेवण्याची आणि काढण्याची जागा चुकली होती. म्हणून आधी जागेचं बोलू.

जागा आणि वेळ

हवेतली वाफ एका ठरावीक तापमानाखाली थंड वस्तूवर पाणी होऊन बसते. जुलैत किचनमध्ये ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ते तापमान जवळजवळ २७ अंश असतं. म्हणजे फ्रिजमधली चकती सोडाच, २० अंशांवरची चकतीसुद्धा तिथे भिजते. एसीच्या खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असली, तर तेच तापमान १४-१५ अंशांवर येतं आणि २० अंशांची चकती कोरडी राहते. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं मीटर फार महाग नसतं. ते भिंतीला लावा आणि रोज बघा.

आमच्याकडे वेगळी पेस्ट्री रूम नाही, बहुतेक लहान ठिकाणी नसतेच. मग मी दोन जागा वापरते. टेम्परिंग सकाळी साडेनऊला डायनिंग हॉलमध्ये करते. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, आणि एसी २० वर लावून अर्धा तास आधी दारं बंद ठेवली की खोली तयार होते. संध्याकाळी गोडाचं टेबल किचन आणि हॉलच्या मधल्या पॅन्ट्रीत, एसीची हवा पोचते त्या बाजूला लागतं. तंदूर आणि भांडी धुण्याची जागा भिंतीपलीकडे राहते. मालक आधी कुरकुरले, "हॉलमध्ये कसलं काम काढलंय?" वाया गेलेल्या चकत्यांचा हिशोब दाखवल्यावर गप्प झाले.

चॉकलेट घेताना

पाकिटामागे कोको बटर लिहिलेलं हवं. त्याजागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल, तर ते कंपाऊंड. त्याला टेम्परिंग लागत नाही, पण तोंडात मेणासारखा थर राहतो. मी ५५ टक्के कोकोचं डार्क कूव्हर्चर, म्हणजे कोको बटर जास्त असलेलं चॉकलेट वापरते. क्रॉफर्ड मार्केटमधल्या बेकिंगच्या दुकानांत त्याचे बटणांसारखे तुकडे मिळतात. मे महिन्यात स्कूटरवरून पाकीट आलं असेल, तर उघडून बघा. बटणं करडी पडली असतील किंवा मोडताना कट्टकन आवाज येत नसेल, तर ती वाटेत वितळून पुन्हा गोठली आहेत. वितळवायला ती चालतील, पण पुढे सांगते त्या विरजणाला नाही.

टेम्परिंग म्हणजे काय

घरचं तूप आठवा. पातेल्यात सावकाश निवलं की दाणेदार होतं, फ्रिजमध्ये टाकलं की गुळगुळीत गोळा होतो. तूप तेच, पण निवण्याची तऱ्हा बदलली की आतले स्फटिक बदलतात. कोको बटरचंही तसंच आहे. ते सहा प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा, कारण चमक, कट्टकन मोडणं आणि हातात पटकन न वितळणं त्याच्यामुळे येतं. हा प्रकार साधारण ३४ अंशांना वितळतो. हलके प्रकार त्याहून कमी तापमानाला वितळून जातात. आपण आधी सगळे स्फटिक वितळवतो, मग पाचव्याचं विरजण लावतो.

कृती

मी ६०० ग्रॅम घेते. तीस चकत्यांना साडेतीनशेच्या आसपास लागतं, पण थोडं चॉकलेट हातात धरेपर्यंत निवतं, म्हणून जास्त घ्यायचं. उरलेलं पुढच्या वेळी वितळवता येतं. यातली ४०० ग्रॅम बटणं वितळवायची आणि २०० ग्रॅम बाजूला ठेवायची.

वितळवायला मायक्रोवेव्ह बरा. निम्म्या पॉवरवर तीस-तीस सेकंद चालवायचा आणि दरवेळी बाहेर काढून ढवळायचं. पातेल्यातल्या गरम पाण्यावर बाऊल ठेवूनही होतं, पण मग बाऊल पातेल्याच्या तोंडावर घट्ट बसायला हवा आणि उचलताना त्याची बूड फडक्याने पुसायला हवी. पाण्याचा एक थेंब आत गेला, तर साखर तो ओढून घेते आणि चॉकलेट रव्याच्या खिरीसारखं घट्ट होऊन बसतं. त्याची चकती होत नाही. मात्र त्यात चमचा-चमचा गरम क्रीम घालत फेटलं, तर सॉस मिळतो. फेकू नका.

तापमान ४५ ते ४८ अंशांवर न्यायचं. थर्मामीटर टोक बुडवण्याचा हवा. बंदुकीसारखा लांबून मारायचा फक्त वरचा पापुद्रा मोजतो, त्यामुळे आधी नीट ढवळलं नाही तर आकडा फसवा येतो.

आता बाजूला ठेवलेली बटणं मूठ-मूठ टाकत सावकाश ढवळायचं. रबरी स्पॅच्युला तळापासून फिरवा, हवा भरू नका. ३४ अंशांच्या वर टाकलेली बटणं नुसती वितळून थंडावा देतात. खरं विरजण त्याखाली लागतं, म्हणून शेवटच्या दोन मुठी तेव्हासाठी राखा. दहा-बारा मिनिटांत ३१-३२ अंशांवर येतं. एखादं बटण अजून तरंगत असेल, तर उचलून काढा. पाकिटावर कंपनीने वेगळे आकडे दिले असतील, तर ते पाळा. दुधाच्या आणि पांढऱ्या चॉकलेटला दोन-तीन अंश कमी लागतात.

लगेच चकत्या करायला धावू नका. सुरीचं टोक बुडवून टेबलावर ठेवा. तीन ते पाच मिनिटांत ते सुकून चमकलं, तर झालं. दहा मिनिटांनीही ओलं असेल किंवा करड्या रेघा आल्या, तर स्फटिक कमी आहेत. ताज्या, चांगल्या बटणांची मूठ टाकून ढवळत राहा आणि पुन्हा टोक बुडवा. ही चाचणी टाळण्याचा मोह मला अजूनही होतो आणि ज्या दिवशी टाळते त्याच दिवशी पश्चात्ताप होतो.

काम करताना चॉकलेट दाट होत गेलं तर स्फटिक वाढले असं समजा. हेअर ड्रायरची गरम हवा चार-पाच सेकंद मारून ढवळलं की सैल होतं. ३४च्या वर मात्र गेलं तर विरजण मेलं, पुन्हा पहिल्यापासून.

चकत्या

टेबल ओल्या फडक्याने पुसून त्यावर खाण्याच्या वापराची पारदर्शक अ‍ॅसिटेट शीट चिकटवून सपाट बसवा. वरून कोरडं फडकं फिरवा, ओल वर येता कामा नये. चॉकलेट ओतून दीड मिलिमीटर जाडीचं पसरा. सुकतानाचा एक क्षण पकडावा लागतो. वरची चमक जाते, बोट लावलं तर चिकटत नाही, पण शीट उचलली तर चॉकलेट वाकतं. तेव्हाच सात सेंटीमीटरच्या कटरने दाबून घ्यायचं. उशीर झाला तर कडा फुटतात. कापून झालं की वर दुसरी शीट आणि तिच्यावर सपाट ट्रे ठेवा. गोठताना चॉकलेट आकसतं आणि वजन नसेल तर चकती पापडासारखी वळते. तासाभराने शीट सोलली की शीटकडची बाजू आरशासारखी दिसते.

चकत्या बटर पेपरच्या थरांत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. दिवसा डबा पॅन्ट्रीत असतो. रात्री एसी बंद झाला की फ्रिजमध्ये जातो, तोही बंदच. सकाळी काढल्यावर दोन तास झाकण उघडायचं नाही, म्हणजे घाम डब्यावर येतो आणि आत काही होत नाही. पहिल्या वर्षी मला एवढंच माहीत नव्हतं.

गोडाचं टेबल

चार फूट बाय दोन फुटांचं स्टीलचं टेबल आणि खाली छोटा फ्रिज, एवढं पुरतं. आमच्या ताटलीत केशराचं श्रीखंड, काजूचा भाजका चुरा, कोकमाचा घट्ट पाक आणि चकती असते. ज्या क्रमाने वाढायचं त्याच क्रमाने भांडी डावीकडून उजवीकडे लावते. ताटल्या, मग चुरा, मग पाकाची बाटली, आणि चकत्यांचा डबा अगदी उजवीकडे. श्रीखंड खालच्या फ्रिजमध्ये, थोडं-थोडं वर काढायचं. श्रीखंडाचा चमचा बुडवायचं गरम पाणी डाव्या टोकाला असतं आणि शेजारी कोरडं फडकं. डब्याजवळ पाणी नको. ताटल्याही फ्रिजमध्ये थंड करत नाही, कारण बाहेर काढल्या की त्याच ओल्या होतात.

ऑर्डर आली की आधी पाकाची रेघ, तिच्या बाजूला चुऱ्याची ओळ, मग चमच्याने वळवलेलं श्रीखंड. त्यावर पुन्हा थोडा चुरा, आणि त्या चुऱ्यावर चकती टेकवायची. चकती थेट श्रीखंडावर ठेवली, तर त्याचं पाणी ती शोषते आणि टेबलावर पोचेपर्यंत खालून चिकट होते. चुरा मधे हवा तो यासाठी. चकती शेवटी, कडेने धरून, हातमोजा घालून. उघड्या बोटाच्या उबेने ठसा उठतो आणि तो जात नाही.

"शेफ, दिव्याखाली ठेवू?" असं नवीन मुलं हमखास विचारतात, कारण बाकीच्या ताटल्या पासवरच्या, म्हणजे वेटर जिथून ताटल्या उचलतो त्या कट्ट्यावरच्या, गरम दिव्याखालीच थांबतात. गोडाची ताटली तिथे जात नाही. पॅन्ट्रीतून सरळ वेटरच्या हातात. वेटर समोर उभा नसेल, तर मी चकती डब्याबाहेर काढतच नाही.